गठ्ठा हाती येताच तासांचा हिशेब मांडावा

नववीच्या वार्षिक परीक्षेचे गठ्ठे प्रथमच हाती आले असतील, तर तारखा ठरवण्याआधी घड्याळ लावून पंधरा उत्तरपत्रिका तपासा. त्यांतील पहिल्या पाच हिशेबात धरू नका, कारण नमुना उत्तरे अंगवळणी पडेपर्यंत वेळ जास्तच लागतो. उरलेल्या दहांची सरासरी बारा मिनिटे आली, तर गुणांची बेरीज व गुणपत्रकातील नोंद यांसाठी आणखी दोन मिनिटे धरा. मी पहिल्या वर्षी नेमकी हीच दोन विसरलो होतो. १८० उत्तरपत्रिकांचे २५२० मिनिटे, म्हणजे ४२ तास होतात. हाती बारा दिवस असल्यास शेवटचे दोन फेरबेरजेसाठी राखावेत. मग रोज अठरा उत्तरपत्रिका, सुमारे सव्वाचार तास.

नागपुरातील एप्रिलमध्ये बारा उत्तरपत्रिका सकाळी साडेसहापासून आणि सहा संध्याकाळी ठेवाव्यात. दुपारी कूलरसमोर बसल्यास पुरवण्या उडतात, ते वेगळेच. सर्वांचा प्रश्न एक आधी, मग प्रश्न दोन, असे तपासल्यास गुणदान समान राहते. संध्याकाळी एका उत्तरपत्रिकेचा वेळ आठ मिनिटांवर आला, तर तो वेग नसून थकवा समजावा आणि शेवटच्या तीन सकाळी पुन्हा पाहाव्यात.