पुरुषाच्या लघवीत जंतू पोचले कसे?

प्रश्न: वय ३६, डायबेटिस नाही. मागच्या महिन्यात लघवीला जळजळ, थंडी वाजून १०२ ताप. कल्चरमध्ये ई. कोलाय आला. गोळ्यांनी बरं वाटलं. आता डॉक्टर सोनोग्राफी आणि युरोफ्लो करा म्हणतात. बायकोला हेच झालं होतं तेव्हा पाच दिवसांच्या गोळ्यांवर भागलं. मग मलाच या तपासण्या कशाला?

मी युरोलॉजिस्ट आहे. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मीही हेच सांगितलं असतं. जंतू तुम्हा दोघांनाही एकच झाला असेल, पण आत शिरायला त्याला जो रस्ता कापावा लागला तो सारखा नाही.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो आणि त्याचं तोंड गुदद्वारापासून फार लांब नसतं. ई. कोलाय आतड्यात राहणारा जंतू, त्याला मूत्राशयापर्यंत जायला विशेष अडथळा नाही. त्यामुळे अगदी धडधाकट तरुण बाईलाही संसर्ग होतो, आणि एखाद्या वेळी झाला तर आम्ही कारण शोधत बसत नाही. पुरुषाचा मार्ग १८ ते २० सेंटिमीटर लांब. शिवाय प्रोस्टेट ग्रंथीच्या स्रावात जस्त असतं, ते जंतूंना मानवत नाही. आणि सगळ्यात मोठी राखण असते ती धारेची. दिवसातून पाच-सहा वेळा जोरात लघवी होते आणि सगळा मार्ग धुऊन निघतो. पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढायला लागते, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, तेव्हा संसर्ग झाला तर नवल वाटत नाही. तुमच्या वयात मात्र पहिला प्रश्न पडतो तो हाच, की धुण्याचं काम कुठे अडतंय का?

माझ्याकडे आलेल्या एका पेशंटचं सांगतो. वय ३८, टेम्पो चालवणारा. अकरा महिन्यांत तीनदा संसर्ग. दर वेळी औषध, चार दिवसांत उतार, दोन-तीन महिन्यांनी परत तेच. सोनोग्राफी दोनदा झालेली, दोन्ही ‘नॉर्मल’. मी त्याला विचारलं, लघवीला किती वेळ लागतो? तो म्हणाला, “तसा काही त्रास नाही डॉक्टर. पण ढाब्यावर गाडी थांबली की बरोबरचा क्लीनर जाऊन येतो, चहा सांगतो, तरी मी तिथंच उभा.” हे त्याला आजार म्हणून सांगावंसं वाटलंच नव्हतं. धार हळूहळू बारीक होत गेली की माणसाला तीच आपली धार वाटू लागते.

मग खोदून विचारलं, खाली कधी मार लागला होता का? आधी ‘नाही’. थोड्या वेळाने आठवलं: सतरा-अठराव्या वर्षी सायकलवरून पाय घसरून दोन्ही पायांमध्ये दांड्यावर आदळला होता. दोन दिवस लघवीतून रक्त गेलं, मग थांबलं, विषय संपला. अशा माराने मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराला जखम होते. ती भरताना व्रण आक्रसतो आणि मार्ग त्या जागी अरुंद होत जातो. यालाच स्ट्रिक्चर म्हणतात. त्रास कळायला दहा-वीस वर्षंही लागू शकतात. मार लागला नसेल तरी पूर्वी कधी ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी किंवा जुना गनोरिया, यांनीही ते होतं. म्हणून या गोष्टी डॉक्टरांना आठवून सांगा, विचारल्या नाहीत तरी.

युरोफ्लो ही अगदी साधी तपासणी आहे. यंत्राला जोडलेल्या नरसाळ्यात लघवी करायची, सेकंदाला किती मिलिलिटर आली याचा आलेख निघतो. तरुण पुरुषाचा आलेख घंटेसारखा असतो, झपकन वर चढतो आणि उतरतो, आणि वरचं टोक १५च्या बरंच पुढे जातं. याचा आलेख सपाट होता. ३२० मिलिलिटर लघवीला ६५ सेकंद लागले आणि टोक ६च्या वर गेलंच नाही. नंतर सोनोग्राफीत १४० मिलिलिटर लघवी मूत्राशयात उरलेली दिसली. डबक्यात पाणी साचून राहावं तसं ते. औषधाने जंतू मरतात, पण साठलेलं तसंच राहतं, आणि पुढचा जंतू आला की त्यात पुन्हा वाढतो. दर वेळी औषध लागू पडायचं आणि तरीही आजार परत यायचा, तो यामुळे.

दोन सोनोग्राफी नॉर्मल कशा आल्या मग? पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मूत्रपिंड, खडे, मूत्राशय दिसतं. मूत्रमार्ग दिसत नाही. शिवाय लघवी करून आल्यावर किती उरली, हे त्या दोन्ही वेळी मोजलंच नव्हतं. तुमच्या चिठ्ठीवर ‘लघवीनंतरचं मोजमाप’ लिहिलेलं आहे ना, एवढं बघून घ्या. उलट चूकही होते. सेंटरवर लिटरभर पाणी पाजून तासभर बसवतात, लघवी अनावर होते, मग घाईत परक्या संडासात जेमतेम उरकतो आणि रिपोर्टमध्ये उरलेली लघवी १५० येते. असा आकडा आला तर घाबरू नका, आरामात पुन्हा लघवी करून परत मोजायला सांगा. युरोफ्लोचंही तसंच: १५० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली असेल तर त्या आलेखावर विसंबू नये.

टेम्पोवाल्याचा पुढचा तपास म्हणजे मूत्रमार्गात औषध सोडून काढलेला एक्स-रे. त्यात दीड सेंटिमीटरचा अरुंद भाग दिसला. दुर्बिणीतून कापून तो मोकळा करता येतो, पण बऱ्याच जणांचा पुन्हा आक्रसतो. म्हणून आम्ही तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली. तीन महिन्यांनी आलेखाचं टोक २१ला गेलं.

तुम्हालाही हेच असेल असं नाही. कारण काही वेळा खडा असतो. कल्चरमध्ये ई. कोलायऐवजी प्रोटियस आला असता तर मी खडा आधी शोधला असता, कारण तो जंतू लघवी अल्कधर्मी करतो आणि त्यात खडे धरतात. अनेकदा शोधूनही काहीच सापडत नाही, तेव्हा आम्ही थांबतो. एकदाच झालेल्या, ताप नसलेल्या साध्या जळजळीसाठी मी सगळ्या तपासण्या सुचवणार नाही. पण तुम्हाला थंडी वाजून ताप आला होता. पुरुषात याचा अर्थ बहुतेक वेळा संसर्ग प्रोस्टेटमध्ये किंवा मूत्रपिंडात पोचला होता असा होतो. प्रोस्टेटमध्ये बरीचशी औषधं नीट शिरत नाहीत, म्हणून अशा वेळी गोळ्या पाच दिवसांच्या नसतात, दोन ते चार आठवड्यांच्या असतात. तुमच्या किती दिवसांच्या झाल्या ते डॉक्टरांना विचारा. आणि पुन्हा जळजळ झाली तर घरातल्या उरलेल्या गोळ्या घेण्याआधी कल्चरला लघवी द्या. परत तोच ई. कोलाय, त्याच औषधांना दाद देणारा आला, तर तो प्रोस्टेटमध्ये दडून बसल्याची शंका घ्यावी लागते.

सोनोग्राफी लगेच करून घ्या. युरोफ्लोला मात्र संसर्ग जाऊन तीन-चार आठवडे होऊ द्या. सुजलेल्या प्रोस्टेटमुळे धार तात्पुरती मंद असते, त्या आलेखावरून स्ट्रिक्चर आहे की नाही ते ठरवता येत नाही. पॅकेजमध्ये पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी, टाकलेलं असेल तर तेही आत्ता करू नका. संसर्गानंतर तो आकडा काही आठवडे चढलेलाच असतो.