श्वसन बंद पडणे आणि श्वसनाचे जू सुटणे

प्रश्न: ‘आम्ही नाशिकला बी.एस्सी.ला आहोत. सायनाइड आणि डायनायट्रोफिनॉल या दोन्ही विषांमुळे “पेशीचे श्वसन बंद पडते” असे आमच्या टिपणांत आहे. ते बरोबर आहे का? आणि “अनकपलिंग”ला मराठी शब्द कोणता?’

सायनाइडपुरते ते बरोबर आहे, डायनायट्रोफिनॉलच्या बाबतीत मात्र साफ उलटे आहे. दोन्ही विषांनी पेशीतले एटीपी घटते, एवढ्या एका साम्यावरून दोघांना एकच वाक्य लावले जाते. हे वाक्य मी वारंवार वाचतो आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग येतो, कारण त्यामुळे विषय समजण्याची वाटच बंद होते.

श्वसन म्हणजे छातीचा भाता, हा अर्थ येथे बाजूला ठेवू. पेशीच्या तंतुकणिकेत अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात, आणि त्या वाटचालीतल्या ऊर्जेवर प्रोटॉन आतल्या पटलाच्या बाहेर ढकलले जातात. बाहेर साठलेले प्रोटॉन एटीपी बनवणाऱ्या विकरातून आत परततात, तेव्हा एटीपी तयार होते. हा दुवा पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडला आणि त्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल मिळाले. ऑक्सिजन वापरणे आणि एटीपी बनवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि प्रोटॉनांनी ती एकमेकांना जुंपली आहेत.

‘जुंपली’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. संस्कृतातल्या ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासून ‘युग’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू, आणि त्याच ‘युगा’चे प्राकृतातून आलेले रूप म्हणजे आपले ‘जू’. इंग्रजीतला ‘योक’ही त्याच घराण्यातला. ‘युग्मन’ आणि ‘वियुग्मन’ या ग्रांथिक संज्ञाही याच धातूच्या असल्यामुळे ‘वियुग्मन’ मला मान्य आहे. ‘वियोजन’ सुचवणाऱ्या जाणकारांशी मात्र मी सहमत नाही, कारण रसायनात तो शब्द रेणू विभागले जाण्यासाठी वापरला जातो आणि येथे कोणताही रेणू फुटत नाही. बोलताना तर सरळ ‘श्वसनाचे जू सुटले’ म्हणावे. मोटेच्या धावेवर बैलांचे जू सुटले, तर ओझे नसल्यामुळे ते अधिकच वेगाने पळतात, पण विहिरीतले पाणी वर येत नाही. डायनायट्रोफिनॉल नेमके हेच करते. ते प्रोटॉन उचलून पटलातून परस्पर आत आणते, बाहेरचा दाब उतरतो, इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी होते, ऑक्सिजनचा वापर वाढतो आणि एटीपीत जायची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. १९३३ पासून अमेरिकेत हे द्रव्य वजन उतरवण्यासाठी दिले जात होते. ताप हाताबाहेर जाऊन माणसे दगावली आणि १९३८ मध्ये ते बंद झाले.

हीच क्रिया शरीर स्वतःही करते, पण आवर घालून. निफाडच्या थंडीत जन्मलेले मूल मोठ्या माणसासारखे कुडकुडत नाही. त्याच्या खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मानेभोवती असलेली तपकिरी चरबी त्याला ऊब देते. तिचा रंग लोहयुक्त प्रथिनांनी भरलेल्या असंख्य तंतुकणिकांमुळे येतो. थंडी जाणवली की चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रिनॅलिन सुटते, साठ्यातून मेदाम्ले मोकळी होतात आणि ती यूसीपी-१ या प्रथिनाची प्रोटॉनवाट उघडतात. एरवी पेशीतली एटीपीसारखी न्यूक्लिओटाइडे ही वाट बंद ठेवतात. म्हणून हे जू हवे तेव्हाच आणि त्याच ऊतीत सुटते. डायनायट्रोफिनॉलला असा लगाम नाही.

सायनाइड बैलांनाच जागच्या जागी थांबवते. साखळीच्या शेवटच्या विकरातील लोहाला ते चिकटते आणि ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळेनासे होतात. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशी तो घेऊ शकत नाहीत. त्यामुळे शिरांतले रक्तही लालभडक राहते आणि लॅक्टेट वाढत जाते.

फरक पाहायचा असेल, तर यकृताच्या तंतुकणिका ऑक्सिजन मोजणाऱ्या बंद कुपीत ठेवाव्यात आणि त्यांना सक्सिनेट व एडीपी द्यावे. ऑक्सिजन झपाट्याने उतरू लागतो. ऑलिगोमायसिन घालून एटीपीचे विकर अडवले, की प्रोटॉनांना परतीची वाट उरत नाही आणि ऑक्सिजनचा वापर मंदावतो. आता डायनायट्रोफिनॉल घातले, की एटीपी अजिबात तयार होत नसूनही वापर पुन्हा उसळतो. शेवटी सायनाइड टाकले, की आलेखाची रेघ आडवी होते. क्रम बदलून आधी सायनाइड घातले, तर त्यानंतर डायनायट्रोफिनॉल कितीही टाका, रेघ आडवीच राहते.