बटणं इंग्रजी, फीड मराठी: मग सुधारणार काय?

प्रश्न: घरात कोणी इंग्रजी बोलत नाही. फोन, ॲप्स, सोशल मीडिया सगळं इंग्रजीत केलं तर येता-जाता कानावर पडून इंग्रजी सुधारेल का?

नुसत्या सेटिंगने नाही. यावरून धनकवडीतल्या आमच्या घरात माझा आणि धाकट्या दिरांचा वाद अजून मिटलेला नाही. भावोजींनी घरातले सगळे फोन इंग्रजीत केले आणि म्हणाले, "वहिनी, आता क्लासची गरजच नाही."

मेन्यूत असतं काय? सुटे शब्द. तेही आपण वाचत नाही, चिन्ह आणि जागा ओळखून बोट आपोआप जातं. आणि यूट्यूब काय दाखवणार हे मुख्यतः तुम्ही आधी काय पाहिलंय त्यावर ठरतं. बटणं इंग्रजी झाली तरी माझ्यासमोर मराठी मालिकांचे तुकडेच येत राहिले.

मी घरी ब्लाउज शिवते. म्हणून यूट्यूबसाठी वेगळं खातं काढलं आणि त्यावर फक्त शिवणाचे इंग्रजी व्हिडिओ शोधले. मधेच दुसरं काही आलं की तीन टिंबं दाबून Not interested. इंग्रजी कॅप्शन चालू, वेग ०.७५. व्हिडिओ हिंदी डबिंगमध्ये सुरू झाला तर गिअरच्या खुणेत जाऊन Audio track मूळ इंग्रजीवर आणायचा. गळ्याला पट्टी लावताना व्हिडिओतली बाई म्हणाली, "राइट साइड्स टुगेदर", आणि दोन्ही सुलट बाजू एकमेकींवर ठेवून तिने टाचण्या लावल्या. मग "क्लिप द कर्व्ह" म्हणत गोलाईला शिलाईच्या अलीकडेपर्यंत बारीक चिरे दिले. हे मी रोज करते, त्यामुळे पुढचं वाक्य काय असणार याचा अंदाज आधीच येतो आणि कान तेवढंच पकडतात. तुम्हाला जे काम येतं त्याचेच व्हिडिओ घ्या. बातम्यांपासून सुरुवात केलीत तर चार दिवसांत कंटाळाल.

फरक पडतोय का हे बघायचं तर पाहिलेलाच व्हिडिओ कॅप्शन बंद करून लावा. हातांकडे न बघता पुढची पायरी सांगता आली, तर कान तयार होतोय. आपोआप बनलेली कॅप्शन कधीकधी चुकतात, तिथे कानावर भरवसा ठेवा.

भावोजी म्हणतात, "सुरुवात सेटिंगनेच झाली ना?" नाही झाली. सुरुवात फीड बदलल्यावर झाली.

बोलणं मात्र यातून येत नाही. त्यासाठी व्हिडिओ थांबवून तेच वाक्य मी मोठ्याने म्हणते, आणि समोर माणूस लागतोच, म्हणून क्लासही लावला.

आणि बँकेचं, यूपीआयचं ॲप ज्या भाषेत पक्कं कळतं त्याच भाषेत ठेवा. ॲन्ड्रॉइड १३ पासून बऱ्याच ॲप्सची भाषा वेगवेगळी ठेवता येते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, त्यासाठी पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. हे सासूबाईंना स्क्रीनवर बघून कळलं पाहिजे, म्हणून त्यांचा फोन मी पुन्हा मराठीत केला. भावोजींना तेही पटलेलं नाही.