एजन्सीने आमच्या ब्रँड स्टाइल गाइडचा ड्राफ्ट पाठवलाय. लोगोभोवतीची जागा, रंगांचा वापर आणि फोटोंचा टोन यातले कुठले नियम राहून गेलेत हे कसं तपासायचं?

ड्राफ्ट वाचून राहिलेले नियम सापडत नाहीत. जे लिहिलंय तेच वाचलं जातं, जे नाहीये ते डोळ्यांना दिसणार कुठून? ज्या माणसाने तुमची एकही मीटिंग अटेंड केलेली नाही त्याला पीडीएफ द्या आणि तुमच्या धंद्यातल्या सगळ्यात अवघड तीनचार वस्तू बनवायला सांगा. तो ज्या ज्या ठिकाणी फोन करून विचारेल, किंवा न विचारता स्वतःच ठरवून मोकळा होईल, तिथे तिथे तुमचा नियम राहिलेला आहे. हे इतकं ठासून यामुळे सांगते की असं न केल्यामुळे एका चांगल्या प्रिंटरला विनाकारण बोलणी खावी लागली आणि मला त्याचा राग अजून आहे.

मी एका दूध संघाचं आर्टवर्क बघायचे. नवीन लोगो झाला, गाइड झालं, दिसायला फार सुंदर. लोगोच्या जागेच्या पानावर एक चौकट, चारी बाजूंना एक्स, आणि खाली एवढंच की ‘लोगोभोवती किमान एक्स एवढी मोकळी जागा ठेवावी, एक्स म्हणजे अक्षराची उंची’. आता लोगो देवनागरीत, नावात वर वेलांटी आणि खाली उकार. मग अक्षराची उंची कुठून कुठपर्यंत? शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत की वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंत? इंग्रजी कॅपिटल अक्षरांचा लोगो असेल तर हा प्रश्नच येत नाही, आणि ते पान तसल्याच एखाद्या गाइडवरून उचललेलं असावं असं माझं तेव्हाही मत होतं.

अर्धा लिटरच्या पिशवीवर लोगो ६० मिलिमीटर रुंद होता. शिरोरेषा ते पाया १४ मिमी, वेलांटी वर ५ मिमी आणि उकार खाली ३ मिमी, म्हणजे एकूण उंची २२. पिशवीची प्लास्टिक फिल्म छापणाऱ्यांकडच्या मुलाने एक्स १४ धरला आणि शिरोरेषेपासून मोजला. त्यामुळे वेलांटीच्या डोक्यावर उरले ९ मिमी, तेही पिशवी जिथे कापली जाते त्या रेषेपासून, कारण ‘काठ’ म्हणजे काय हेही गाइडमध्ये नव्हतं. आता पिशवीचं वरचं सील आणि त्याच्या शेजारी पडणारी चुणी मिळून पाचसहा मिमी जातात, आणि भरताना फिल्म ताणली जाते म्हणून कट दोनतीन मिमी इकडेतिकडे सरकतो, मशीनला कापायची जागा दाखवणारी आयमार्कची खूण असली तरी सरकतो. नऊ संपले. बऱ्याच पिशव्यांवर वेलांटी थेट सीलला जाऊन टेकली.

एजन्सीवाले म्हणाले प्रिंटरने गाइड पाळलं नाही. त्यांच्या मनातला एक्स २२ होता आणि तो वेलांटीच्या टोकापासून मोजायचा होता, म्हणजे ९ च्या जागी २२ मिमी मोकळे हवे होते. ‘हा कॉमन सेन्स आहे’ असं आमच्या साहेबांसमोर सांगितलं, आणि साहेबांनी ते मान्य करून रोल परत पाठवायला सांगितले. मी म्हटलं सर, त्या पोराने नियम शब्दशः पाळलाय, चूक नियमात आहे. माझं ऐकलं नाही. म्हणून स्पष्ट सांगते, ज्या नियमाचे दोन प्रामाणिक अर्थ निघतात तो नियम लिहिलेलाच नाही असं समजा.

तर तुमच्या ड्राफ्टमध्ये लोगोच्या जागेचं पान उघडा आणि बघा एक्स कशावरून मोजायचा ते चित्रात बाण काढून दाखवलंय का, मात्रा आत धरल्यात का बाहेर, आणि जागा कशापासून सोडायची, कागदाच्या काठापासून, सीलपासून की घडीपासून. पिशवी भरली की फुगते आणि कडेचा भाग वळून मागे जातो, म्हणजे सपाट आर्टवर्कवर भरपूर दिसणारी जागा हातात घेतल्यावर दिसतच नाही, त्यामुळे ‘समोरून दिसणारा भाग’ हाच काठ धरावा हे लिहायला लागतं. सगळ्यात लहान साइज पण बघा. आमच्या लोगोत ६० मिमीला शिरोरेषा १.२ मिमी जाड होती, तोच लोगो १५ मिमीला आणला की ती ०.३ होते. गडद रंगातून पांढरी सोडायची असेल तर फिल्मवर फ्लेक्सोच्या, म्हणजे लवचिक प्लेटच्या छपाईत इतकी बारीक रेघ शाई पसरून बुजायला लागते आणि अक्षरांच्या पोटातली भोकं तर त्याच्याही आधी भरतात. म्हणजे किमान साइज दोन लागतात, उजळ रंगावर गडद लोगोची एक आणि गडदावर पांढऱ्या लोगोची वेगळी, दुसरी मोठी. आकडा एजन्सीने ठरवायचा नसतो, छापणाऱ्याला विचारून लिहायचा असतो.

रंगाचं तर विचारूच नका. गाइडमध्ये आमचा केशरी #F58220 असा स्क्रीनच्या कोडमध्ये दिलेला, खाली सीएमवायकेचे म्हणजे छपाईच्या चार शाईंचे आकडे, आणि ते सॉफ्टवेअरने आपोआप बदलून दिलेले. स्क्रीनवर उजळ दिसणारा केशरी चार शाईत तसा येतच नाही, मंद होतो, वर्तमानपत्राच्या कागदावर तर आणखी मळकट. पिशवीवर तो चार शाईत काढत नाहीत, त्याच रंगाची वेगळी शाई मिसळून घेतात, मग तिथे आकड्यांचा काय उपयोग? तिथे शेड कार्ड लागतं. हलकी, बरोबर आणि गडद अशा तीन पट्ट्या खऱ्या फिल्मवर छापून घ्यायच्या, त्याच्यावर दोघांनी सही करायची, आणि हलकी ते गडद याच्या मधलं सगळं पास. गाइडमध्ये ‘रंग तंतोतंत जुळावा’ असं लिहिलेलं असेल तर ते खोडा, तंतोतंत असं छपाईत काही नसतं, किती फरक चालेल हाच नियम आहे.

दुसरं म्हणजे आमच्या गाइडमध्ये लोगो सगळीकडे पांढऱ्यावरच दाखवलेला. आणि आमच्या पिशव्या प्रत्येक दुधाला वेगळ्या रंगाच्या, एक निळी, एक हिरवी, एक गुलाबी. निळ्यावर केशरी लोगो ठेवायचा का? पांढरा करायचा का? मागे पांढरी पट्टी द्यायची का? कुणालाच माहीत नाही. तुमचे जितके बॅकग्राउंड आहेत ते एका बाजूला लिहा, लोगोच्या जितक्या आवृत्त्या आहेत त्या वरती लिहा, प्रत्येक चौकोनात हो किंवा नाही भरा. रिकामा राहिलेला चौकोन म्हणजे राहिलेला नियम, इतकं सोपं आहे, अर्ध्या तासाचं काम. काळ्यापांढऱ्या जाहिरातीसाठी निव्वळ काळा लोगो वेगळा आहे का तेही बघा, नाहीतर कोणीतरी केशरीचा ग्रे करून टाकतो आणि रबरी शिक्क्याला तो ग्रे चालत नाही.

आणि अक्षरं वाचता येतात का. या केशरीवर पांढरी अक्षरं टाकली तर कॉन्ट्रास्ट साधारण २.६ ला १ येतो, आणि वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी नियमावलीचा एए नियम साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ मागतो, म्हणजे मोठ्या अक्षरांतही नापास. काळी अक्षरं टाकली तर ८ च्या आसपास जातो. लोगोला स्वतःला या नियमातून सूट आहे, म्हणून लोगो चांगला दिसतो त्यावरून बटणही त्याच रंगाचं करून त्यावर पांढरा मजकूर टाकतात, तिथे फसतं. कुठला रंग मजकुराला कधीच वापरायचा नाही हे वाक्य तुमच्या ड्राफ्टमध्ये आहे का?

फोटोंच्या पानावर बहुतेक तीन विशेषणं असतात. आमच्याकडे होती ‘प्रामाणिक, आपुलकीचा, आधुनिक’. मला सांगा या तीन शब्दांनी कुठला फोटो रिजेक्ट होतो? एकही नाही. जो नियम कुठल्याच फोटोला नाही म्हणत नाही तो नियम नाही. त्या शब्दांच्या जोरावर म्हशीच्या दुधाच्या पोस्टरवर हिरव्यागार कुरणातली काळीपांढरी होल्स्टीन गाय आली होती, स्टॉकमधून. गावागावातून म्हशीचं दूध घालणारे लोक ते पोस्टर डेअरीत बघणार, त्यांच्या गोठ्यात लांबलचक शिंगांची पंढरपुरी म्हैस. त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. ज्याचं दूध त्याचंच जनावर, हा नियम एका ओळीचा आहे, पण एजन्सीत कुणाला सुचला नाही कारण तिथलं कुणी गोठ्यात गेलेलं नव्हतं.

‘उबदार टोन’ हाही असाच. सगळ्या फोटोंना पिवळसर झाक द्यायची असं ठरलं. पण गाईच्या दुधात कॅरोटीन असतं म्हणून ते जरा पिवळट असतं, म्हैस कॅरोटीनचं व्हिटॅमिन ए करून टाकते म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र. पिवळी झाक दिली की म्हशीचं दूध गाईचं दिसतं किंवा शिळं दिसतं. म्हणून टोनच्या नियमात ‘दूध, दही, पनीर यांचा रंग बदलायचा नाही, बाकी फोटोला झाक चालेल’ असं वस्तूनिशी लिहावं लागतं. तुमची वस्तू वेगळी असेल, पण तिच्या कुठल्या रंगावरून गिऱ्हाईक तिची पारख करतं ते शोधा आणि तो रंग नियमाने राखून ठेवा. प्रत्येक नियमाला एक चालणारा आणि एक न चालणारा फोटो शेजारी हवा, आणि न चालणारा अगदी वाईट नको, थोडक्यात नापास होणारा हवा, नाहीतर काही कळत नाही.

आणि श्रद्धांजलीच्या पोस्ट! हे तर शंभर टक्के राहिलेलं असणार. कुणी वारलं की शाखेतला माणूस रात्रीच व्हॉट्सअॅपवर काळीपांढरी पोस्ट बनवतो आणि कोपऱ्यात केशरी लोगो, शेजारी हसऱ्या गाईचं मॅस्कॉट. त्यात त्याचा काय दोष, त्याला दिलेली फाइलच एक. सणाच्या शुभेच्छा, नेत्यांचे वाढदिवस, देवांचे फोटो यात लोगो कुठे ठेवायचा आणि कुठे अजिबात नाही हे ठरवून लिहा, कारण वर्षभरात लोगो सगळ्यात जास्त वेळा वापरला जातो तो इथेच.

आता तुमची कंपनी अॅपवाली असेल तर पिशवीचं, सीलचं काही लागू नाही हे कबूल, तुमची अवघड वस्तू म्हणजे गोल डीपी आणि अॅपचा आयकॉन, आणि तिथे मोकळ्या जागेचा नियम पाळताच येत नाही म्हणून त्याला अपवाद लिहून ठेवावा लागतो. आणि गाइड दोनशे पानांचं करा असंही मी म्हणत नाहीये, तेवढं कोणी उघडत नाही.

पण शेवटचा हप्ता द्यायच्या आधी एक करा. तुमचं काम जो खरंच छापतो किंवा बनवतो त्याला बोलवा, एजन्सीला समोर बसवा, आणि त्याला प्रत्येक पानावर ‘हे मला असं समजलं’ म्हणून बोलून दाखवू द्या. एजन्सीने मध्ये बोलायचं नाही. जिथे त्याला वेगळं समजलं ते पान एजन्सीने परत करून द्यायचं, त्याच पैशात, आणि शेवटच्या पानावर साहेबांच्या सहीच्या आधी छापणाऱ्याची सही घ्यायची.