गरोदरपणात बॅडमिंटन: कुठवर खेळायचं, कधी थांबायचं

"मी कॉलेजपासून बॅडमिंटन खेळते. आता चौथा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात रॅकेट माळ्यावर टाक, नवरा म्हणतो थोडं खेळ, डॉक्टर म्हणाल्या हलका व्यायाम चालेल. हलका म्हणजे नेमका किती? आणि काही बिघडतंय, आता थांबायला हवं, हे मला कळणार कसं?"

असा प्रश्न घेऊन येणाऱ्या बाईला मी लगेच हो-नाही सांगत नाही, आधी तिची फाईल बघते. वार गर्भाशयाच्या तोंडावर आहे का, पिशवीला टाका घातलाय का, रक्तदाब वाढलाय का, आधी वेळेपूर्वी कळा आल्या होत्या का, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा काही आजार आहे का, हिमोग्लोबिन किती आहे. यातलं काही असेल तर व्यायामाचा निर्णय डॉक्टरच घेतील, आणि तो बऱ्याचदा 'नको' असाच असतो. हिचं सगळं ठीक होतं. हिमोग्लोबिन 11 च्या वर, पंधरावा आठवडा. डॉक्टरांनी व्यायामाला लेखी परवानगी दिली होती, फक्त त्यात बॅडमिंटन हा शब्द नव्हता.

बॅडमिंटनने पोटातल्या बाळाला धक्के बसतात, अशी घरच्यांची भीती होती. खरी अडचण तिथे नाही. बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, धावण्या-वाकण्याने ते हलून काही होत नाही. अडचण आईच्या तोलाची असते. पोट पुढे येतं तसा शरीराचा भार पुढे सरकतो, आणि गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल पडतात. शटल मागे गेलं की आपण न बघता उलट्या पावली धावतो, नेटजवळ पडलं की एक पाय लांब टाकून झेपावतो. नेमकं तिथेच पाऊल चुकतं. पोटावर पडलं किंवा पोटाला जोरात मार बसला, तर वार सुटण्याचा धोका असतो.

म्हणून आम्ही ठरवलं ते असं. मॅच बंद, उड्या मारून स्मॅश बंद, मागे धावणं बंद. ओळखीच्या जोडीदाराबरोबर समोरासमोर संथ रॅली चालेल, तीही पोट तोलात अडथळा आणेपर्यंत. हे फक्त आधीपासून नियमित खेळणारीसाठी. जिने आयुष्यात रॅकेट धरली नाही तिने गरोदरपणात हा खेळ सुरू करू नये. कबड्डी, बास्केटबॉल, घोडेस्वारी, जिम्नॅस्टिक्स हे मात्र कितीही सराव असला तरी नको, कारण त्यांत पडणं किंवा धडक हा खेळाचाच भाग आहे. (गोव्याला जाऊन स्कूबा करायचा बेत होता, तोही रद्द करायला लावला. खोल पाण्यातून वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊ शकतात आणि बाळाचं शरीर ते गाळून टाकू शकत नाही.)

ती नाराज झाली. घाम निघाल्याशिवाय तिला व्यायाम वाटतच नव्हता. म्हणून पोहणं सुचवलं. पाण्यात शरीराचा भार कमी होतो, पाठीवरचा ताण उतरतो आणि पडण्याचा प्रश्नच नसतो. तलावाचं पाणी गरम नको, सूर मारायचा नाही आणि काठावरच्या ओल्या फरशीवर सावकाश चालायचं, एवढंच. पोहायला जमणार नाही त्या दिवशी चालणं किंवा जिममधली स्थिर सायकल. आठवड्याला साधारण 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम असा सर्वसाधारण सल्ला असतो, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. ज्यांना सवय नाही त्यांनी दहा मिनिटांपासून सुरुवात करावी.

तिचं सगळं लक्ष हातातल्या घड्याळाकडे होतं. नाडी 140 च्या वर गेली की ती घाबरून बसायची. हा 140 चा आकडा अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये दिला होता आणि 1994 मध्ये काढूनही टाकला, पण अजून तो सगळीकडे फिरतो. गरोदरपणात बसल्या जागीही नाडी वाढलेली असते, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबता येत नाही. त्यापेक्षा बोलून बघावं. व्यायाम करताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पण गाणं म्हणता आलं नाही, तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांत धाप लागली तर वेग कमी करायचा. तिने योगाचा वर्गही धरला. तिथे शिकवणाऱ्या बाईंना सांगायला लावलं की आता पाठीवर उताणं झोपून काही करायचं नाही, शवासन कुशीवर. उताणं झोपलं की वाढलेलं गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं आणि चक्कर येते.

सातव्या महिन्यात तिचा फोन आला. डाव्या पोटरीत दुखतंय, पोहताना जास्त. आई तेल लावून चोळून देतेय, पण उतरत नाही. मी चोळणं लगेच थांबवायला सांगितलं. गरोदरपणात पायात गोळे येतात, ते बहुतेक रात्री येतात, पायाचा चवडा वर ओढला की पाच-दहा मिनिटांत सुटतात. हे दुखणं दोन दिवस टिकून होतं. दोन्ही पायांवर संध्याकाळी सूज असते, हिची एकाच पायावर होती. टेपने मोजायला लावलं तर डावी पोटरी उजवीपेक्षा ठळक जाड, हाताला गरमही. त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी झाली आणि शिरेत रक्ताची गुठळी निघाली.

ही गुठळी पोहण्याने झाली नव्हती. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि गर्भाशयाच्या दाबामुळे पायातलं रक्त सावकाश वर जातं, त्यात डाव्या बाजूला जास्त. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून पोटरीचं दुखणं व्यायाम थांबवण्याच्या खुणांमध्ये मोडतं. सोबत छातीत दुखलं किंवा दम लागला असता तर फोनवर बोलत न बसता तिला थेट हॉस्पिटलला पाठवलं असतं. तिला रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितल्यावर ती पुन्हा चालायला लागली, रॅकेट मात्र तेव्हा आपोआपच माळ्यावर गेली.

बाकीच्या खुणा तिला पहिल्या भेटीतच लिहून दिल्या होत्या. अंगावरून रक्त जाणं, अगदी डागसुद्धा. पाण्यासारखा स्राव, जो लघवी आहे की काय अशी शंका येते. पॅड लावून बघायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. पोट ठरावीक अंतराने आवळून दुखणं, बसून पाणी प्यायल्यावरही न थांबणं. व्यायाम सुरू करण्याआधीच दम लागणं, चक्कर, छातीत दुखणं, जोराची डोकेदुखी, पाय लुळे पडून तोल जाणं. यातलं काहीही जाणवलं तर उरलेला राउंड पूर्ण करायचा नाही. तिथेच थांबायचं आणि फोन करायचा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर त्यासाठी पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.