रिस्क मॅनेजमेंट प्लॅनच्या असाइनमेंटबद्दल: ‘हाय’ म्हणजे नक्की किती?

> "असाइनमेंटमध्ये मेथडॉलॉजी, रोल्स, कॅटेगरीज, थ्रेशोल्ड आणि रिपोर्टिंग फॉरमॅट मागितलेत. मी 28 रिस्क शोधून हाय-मीडियम-लो लिहून टेबल केलंय. एवढं पुरेल का?"

नाही पुरणार. तुमचं टेबल वाचलं आणि माझीच जुनी असाइनमेंट समोर आली.

तुम्ही केलंय ते रिस्क रजिस्टर. प्लॅन त्याच्या आधी येतो. रिस्क कशा शोधायच्या, कशा मोजायच्या, कोणी बघायच्या आणि कधी वर कळवायच्या, याचे नियम त्यात असतात. मीही 30 च्या वर रिस्क लिहून दिल्या होत्या. आमच्या मार्गदर्शन कक्षाकडे दोनदा गेले, दोन्ही वेळा "हा नमुना भरा" एवढंच उत्तर मिळालं, आणि तो नमुना चक्क रजिस्टरचा होता. कागद परत आला तेव्हा समासात एकच प्रश्न होता: "हाय म्हणजे किती?" सगळ्यात जास्त गुण तिथेच गेले. नमुना देणाऱ्यांनी तो एकदा तरी वाचायला हवा होता, याचा राग मला आजही आहे.

म्हणून माझं मत (तुमच्या परीक्षकांची गुणदानाची पद्धत वेगळं सांगत असेल तर तिचंच ऐका): निम्मा वेळ मोजपट्टी आणि थ्रेशोल्डवर घालवा.

समजा, जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचा 20 आठवड्यांचा प्रकल्प आहे आणि त्यात 2 आठवडे राखीव आहेत. परिणामाची पट्टी त्या राखीव वेळेवरून ठरवा. एक ते दोन आठवडे उशीर म्हणजे 3, कारण राखीव वेळ जाते पण मुदत टिकते. दोन ते चार आठवडे म्हणजे 4, कारण मुदत चुकते. त्याहून जास्त म्हणजे 5. एका आठवड्याच्या आतला उशीर 1 आणि 2 मध्ये वाटून घ्या. शक्यतेचंही तसंच: 30 ते 50 टक्के म्हणजे 3, 50 ते 70 म्हणजे 4, वगैरे. दोन्हींचा गुणाकार हा स्कोअर.

आता थ्रेशोल्ड. 5 पर्यंत रिस्क ओनर लक्ष ठेवेल. 6 ते 12 असेल तर प्रोजेक्ट मॅनेजरने आठवड्याभरात उपाययोजना ठरवायची. 15 आणि वर असेल तर 24 तासांत स्पॉन्सरला कळवायचं. (13 आणि 14 या गुणाकारात येतच नाहीत, त्यामुळे मध्ये काही सुटत नाही.)

हे चालवून बघा. "जुन्या नोंदींत चुका असल्यामुळे सफाई लांबेल" ही रिस्क सुरुवातीला शक्यता 3, परिणाम 3, म्हणजे 9. मॅनेजर बघेल. मग कोणीतरी 200 नोंदी नमुन्यादाखल तपासल्या आणि 70 चुकीच्या निघाल्या. त्यामुळे सफाई लांबण्याची शक्यता 4 झाली, उशिराचा अंदाज तीन आठवड्यांवर गेला म्हणून परिणामही 4. स्कोअर 16. त्याच दिवशी विषय स्पॉन्सरकडे जातो, आणि कोणाला वाद घालावा लागत नाही. असाइनमेंटमध्ये हे एक उदाहरण टाकाच.

एक मेख मात्र आहे. शक्यता 1 आणि परिणाम 5 असला तरी स्कोअर 5 येतो, आणि शक्यता 5, परिणाम 1 असला तरी 5. सगळ्या नोंदी कायमच्या पुसल्या जाणं आणि दर आठवड्याला बैठक अर्धा दिवस पुढे ढकलली जाणं एकाच रांगेत बसतात. म्हणून वेगळा नियम लिहा: परिणाम 5 असेल तर स्कोअर कितीही असो, स्पॉन्सरला कळवायचं.

रोल्समध्ये "टीम" हा शब्द जबाबदार म्हणून लिहू नका. प्रत्येक रिस्कला एकच ओनर. उपाय प्रत्यक्ष करणारा माणूस वेगळा असू शकतो, ते वेगळं लिहा. कॅटेगरीज चार-पाच पुरतात: तांत्रिक, बाह्य, संस्थात्मक, प्रकल्प व्यवस्थापन. "इतर"मध्ये बऱ्याच रिस्क जमायला लागल्या तर विभागणी चुकलीय असं समजा.

रिपोर्टचा फॉरमॅट एका पानाचा ठेवा: पहिल्या पाच रिस्क, मागच्या आठवड्याचा आणि आत्ताचा स्कोअर, ओनर, पुढची कृती आणि तिची तारीख. मागचा स्कोअर बहुतेक जण विसरतात, आणि मग 9 वरून 16 झालेली रिस्क कोणाच्या नजरेतच येत नाही.

तुमचं 28 ओळींचं टेबल फेकू नका, परिशिष्टात जोडा. फक्त आधी त्यातल्या तीन रिस्क दोन मित्रांना तुमच्या पट्टीने वेगवेगळं मोजायला द्या. दोघांचे आकडे एका पायरीपेक्षा जास्त लांब आले तर पट्टीतले शब्द अजून ढिले आहेत. मग ते घट्ट करून पुन्हा द्या.