एफडी मोडून डॉट कॉम घ्यावं का?

सर, आमचा सांगलीत हळद पावडरीचा धंदा आहे. यार्डातली अडत वडील बघतात, मी २०१९ पासून स्वतःच्या ब्रँडने ऑनलाइन विकतो. आमची साइट डॉट इनवर आहे. त्याच नावाचं डॉट कॉम दुसऱ्या कुणाकडे तरी आहे आणि ते नुसतं पडून आहे. आता एकाचा ईमेल आलाय, मालकाचा दलाल म्हणवतो. २ लाख ८० हजार मागतोय. शुक्रवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे ठेवायच्या सेवेची, म्हणजे एस्क्रोची लिंकही पाठवलीय. ऑनलाइन विक्री वर्षाला ६ लाखांच्या आसपास आहे, सगळा खर्च जाता १८ टक्के सुटतात. एफडी मोडून घेऊ का? की ट्रेडमार्कची केस टाकू?
— एक वाचक, सांगली

शुक्रवार जाऊ द्या. इतकी वर्षं पडून असलेल्या नावाला याच आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक लागेल, यावर माझा विश्वास नाही.

आधी हिशेब करू. ६ लाखांवर १८ टक्के म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार सुटतात. डॉट कॉम आल्याने विक्री दहा टक्के वाढेल असं धरू. हा अंदाज मी सढळ हाताने धरलाय, कारण तुमचं जुनं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देत असणार, पत्ता टाइप करून येणारे थोडे. तरी वाढीव नफा येतो १० हजार ८०० रुपये. २ लाख ८० हजारांच्या एफडीवर साडेसहा टक्क्यांनी व्याजच १८ हजार २०० मिळतं. म्हणजे या भावात घेतलंत तर पहिल्या वर्षापासून तोटा आहे, आणि वर हंगामात हळद उचलायला हाताशी रोकड नाही.

तेच ४० हजारांत मिळालं तर बुडणारं व्याज २ हजार ६०० आणि निव्वळ फायदा ८ हजार २००. पाचएक वर्षांत पैसे वसूल होतात. म्हणून माझ्या मते तुमची कमाल मर्यादा ४० हजार, एस्क्रोचं शुल्क आणि कर धरून. हा आकडा वहीत लिहून ठेवा, समोरच्याला सांगू नका.

आता मालक कोण ते बघू. तुम्ही कळवलेलं नाव मी lookup.icann.org वर टाकून पाहिलं. मालकाचं नाव-पत्ता झाकलेला आहे. २०१८ मध्ये युरोपात खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक ठिकाणी तो तसाच झाकलेला दिसतो. पण बाकीचं दिसतं. नोंदणी २०११ ची आहे. ज्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीकडे, हे डॉट कॉम आहे त्याचं नाव दिसतं, आणि त्याच्या साइटवरून मालकाला निरोप पाठवायचा फॉर्म मिळतो. तुम्ही टाइप केलेला निरोप खऱ्या मालकाच्या इनबॉक्समध्ये जातो, त्याचा पत्ता मात्र तुम्हाला कळत नाही.

मग web.archive.org वर जुनी पानं उघडली. २०१६ पर्यंत तिथे इरोडच्या एका मसाला दुकानाचं पान होतं, खाली फोन नंबरसकट. म्हणजे नाव अडवून बसलेला कुणी नव्हता, तुमच्यासारखाच हळदवाला होता. त्याच फोनवर फोन लावा. अजून नाव त्याच्याकडेच असेल तर दलालाची गरजच उरत नाही. आणि त्याने “मी कुणाला विकायला सांगितलंच नाही” म्हटलं, तर ईमेलवाल्याचा विषय तिथेच मिटला.

केसचंही उत्तर यातच आहे. डॉट कॉमच्या तंटा प्रक्रियेत समोरच्याने नाव वाईट हेतूने नोंदवलं आणि वाईट हेतूने वापरलं, दोन्ही सिद्ध करावं लागतं. नावाने मध्ये हात बदललेला नसेल, तर तुमचा ब्रँड सुरू व्हायच्या आठ वर्षं आधी नोंदवलेल्या नावात तुमच्याविरुद्ध वाईट हेतू कुठून येणार? असे तंटे सोडवणाऱ्या जिनिव्हाच्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादाची फी १५०० डॉलर आहे, वर वकील. तो रस्ता सोडा.

इरोडचा माणूस सापडला नाही आणि दलालाशीच बोलावं लागलं, तर पहिली मागणी पुराव्याची. सौद्यात तुम्ही हळकुंड मोडून रंग बघता, तसं इथेही बघता येतं. तुम्ही ठरवलेला एखादा शब्द, समजा `rajapuri-4471`, त्या नावाच्या डीएनएसमध्ये, म्हणजे ताबा असणाऱ्यालाच बदलता येणाऱ्या पण सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदींत, टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून टाकायला सांगा. काही तासांनी तुमच्या संगणकावर हे चालवा, example.com च्या जागी ते नाव घालून:

```
nslookup -type=TXT example.com
```

तुमचा शब्द उमटला तर नावाचा ताबा त्याच्याकडे आहे. खऱ्या विक्रेत्याला हे दहा मिनिटांचं काम आहे. जो कारणं सांगतो, किंवा त्याऐवजी स्क्रीनशॉट आणि आधार कार्डाचा फोटो पाठवतो, त्याला नमस्कार करा.

पण ताबा म्हणजे मालकी नव्हे. कुणाचं तरी खातं हॅक करून नाव पळवलेलं असेल तर चोरही तो शब्द टाकून दाखवेल. पुढे मूळ मालकाने तक्रार करून नाव परत मिळवलं की तुमचे पैसेही गेले आणि नावही. नाव नुकतंच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हललं असेल आणि विकणारा पटकन भाव पाडायला तयार होत असेल, तर सावध व्हा. म्हणून शब्द दिसला तरी रजिस्ट्रारच्या फॉर्मवरून आलेल्या उत्तराशी आणि त्या जुन्या फोनशी पडताळा करा.

भाव करायला यार्डातल्या माणसाला मी काय शिकवणार. फक्त पत्र ब्रँडच्या ईमेलवरून लिहू नका, स्वतःच्या साध्या पत्त्यावरून दोन ओळी लिहा. १५ हजारांपासून सुरुवात करा, आणि उत्तर आलं नाही तर महिनाभर गप्प बसा.

पैशांच्या बाबतीत मात्र माझा हट्ट आहे. त्याने पाठवलेली एस्क्रोची लिंक उघडायची नाही. हुबेहूब दिसणाऱ्या नकली एस्क्रो साइट बनवणं हा या धंद्यातला जुना डाव आहे. escrow.com सारख्या सेवेचा पत्ता स्वतः टाइप करा, व्यवहार तुम्ही उघडा आणि विक्रेत्याला त्यात बोलवा. पैसे कंपनीच्या खात्यावरच जातात. कुणाच्या यूपीआयवर किंवा बचत खात्यावर “एस्क्रोचे” पैसे मागितले की समजून जा. गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितकी रक्कम गोठवणं अवघड.

पैसे मोकळे करायची घाईही नको. विक्रेता एक गुप्त कोड देतो, त्याला ऑथ कोड म्हणतात. कोड मिळाला म्हणजे नाव मिळालं असं नाही, दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलायला त्यानंतरही पाचएक दिवस जातात, आणि नाव नुकतंच हललेलं असेल तर साठ दिवसांचं कुलूपही असू शकतं. सोपं म्हणजे विक्रेत्याच्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं उघडा, तिथल्या तिथे नाव बहुधा लवकर सरकतं. ते तुमच्या खात्यात दिसलं, त्यावर तुमचा ईमेल लागला, पासवर्डसोबत ओटीपीचं कुलूप बसलं, की मगच एस्क्रोला हो म्हणा.

विक्रेत्याकडून बिल घ्या. तो परदेशातला निघाला तर पैसे पाठवण्याआधी टीडीएस आणि रिव्हर्स चार्ज जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा, कारण तो भारही ४० हजारांतच बसवायचा आहे.